शेवटच्या जागा आणि बुधवारची माती

*ताई, नमस्कार. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दरवर्षी शाडूच्या गणपतीची कार्यशाळा घेते. यंदा २३ ऑगस्टला, रविवारी आहे. फी १,४०० रुपये. जागा २४, पैसे आलेत १५ जणांचे. सात-आठ जण 'येतोय' म्हणून अंगठा दाखवून बसलेत, पण पैसे काही पाठवत नाहीत. गेल्या वर्षी भाचीच्या सांगण्यावरून सोमवारपासून 'फक्त ३ जागा शिल्लक' असं स्टेटस टाकत होते. शनिवारी एका बाईंनी विचारलं, "अहो, सोमवारी पण तीनच होत्या ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंदा खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. पण खरं लिहिलं की लोक शेवटच्या रात्रीपर्यंत घोळ घालतात आणि इकडे मला माती सांगायची असते. काय करू?*
*— शाडूवाली, ठाणे*

शाडूवाली ताई,

तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला फोन केला तो एकाच प्रश्नासाठी: जागा चोवीसच का? तुम्ही म्हणालात, "मांडणीवर चोवीसच मूर्ती मावतात." मग तुम्ही सगळं सांगितलंत. हॉलशेजारच्या खोलीत पाच फळ्यांची मांडणी आहे, फळी चार फुटांची. नऊ इंची मूर्ती पाटासकट सात इंच रुंद, शिवाय मधून वारा खेळायला दोनेक इंच सोडावे लागतात. म्हणजे फळीला पाच मूर्ती, एकूण पंचवीस. त्यातली एक जागा तुमच्या नमुन्याच्या मूर्तीची. उरल्या चोवीस.

हे तुम्ही गेल्या तीन वर्षांत एकदाही जाहिरातीत लिहिलेलं नाही! 'मर्यादित जागा' एवढंच लिहिलंत. आता 'मर्यादित जागा' हे शब्द साड्यांच्या सेलपासून शेअर बाजाराच्या क्लासपर्यंत सगळीकडे असतात, त्यामुळे ते कुणी वाचतच नाही. पाच फळ्यांची मांडणी मात्र डोळ्यांसमोर उभी राहते. तिचा एक फोटो काढा, गेल्या वर्षीच्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या तेव्हाचा असला तर उत्तमच, आणि खाली लिहा, 'या मांडणीवर २४ मूर्ती वाळतात, म्हणून २४ जागा.'

पण खरं सांगू का, तुमची अडचण जागांची नाहीच. अजून अकरा दिवस आहेत आणि नऊ जागा शिल्लक आहेत. चोवीसमधल्या नऊ म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं, आहेत की भरपूर, बघू रविवारी. आकडा खरा लिहिला तरी त्यातून घाई निर्माण होत नाही, आणि म्हणूनच भाचीला तो तीन करावासा वाटला. जागांचा आकडा शेवटी-शेवटी, चार-पाच उरल्या की बोलायला लागतो. तोपर्यंत दुसरं काहीतरी बोललं पाहिजे, आणि तुमच्याकडे ते आहे. तुमच्याच पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य बघा: 'मला माती सांगायची असते.'

फोनवर मी तुमच्याकडून दिवस मोजून घेतले. माणशी तीन किलो माती लागते. चोवीस जणांची ७२ किलो, वर फुटतूट धरून सात-आठ किलो जास्त. तुमचा मातीवाला बुधवारी संध्याकाळी ऑर्डर घेतो आणि गुरुवारी दुपारी गोण्या आणून टाकतो. गुरुवारी रात्री माती भिजत घालायची, शुक्रवारी निथळू द्यायची, शनिवारी दोन बायकांना हाताशी घेऊन मळायची. रविवारी सकाळी ती लोण्यासारखी हवी, नाहीतर सोंड लावताना चिरते. मग खरी मुदत कुठली? बुधवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळचे सहा. त्यानंतर सतरा जण असोत की चोवीस, माती तेवढ्यांचीच येणार.

ही मुदत तुम्ही स्वतःशी पाळताय आणि लोकांना मात्र 'लवकर नोंदणी करा' एवढंच सांगताय. लवकर म्हणजे कधी, आणि का, हे त्यांना कसं कळणार? शाडू विकतच्या पिठासारखा पुडा फोडून भिजवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या, पेणची मूर्ती घरी आणणाऱ्या माणसाला माहीत नाही. त्याला ते सांगितलंत तर मुदत आणि तिचं कारण एकदमच कळतं, आणि कारण कळलेली मुदत लोक पाळतात. निदान वाद तरी घालत नाहीत.

दुसरी खरी मुदत वाळण्याची. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. २३ ऑगस्टला घडवलेली मूर्ती ६ सप्टेंबरला रंगवायची म्हणजे मध्ये चौदा दिवस. श्रावणातल्या दमट हवेत नऊ इंची मूर्ती, खालून पोकळ केलेली असली तरी, आठ-दहा दिवस घेतेच. उन्हात ठेवली किंवा थेट पंख्याखाली ठेवली तर बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि हाताच्या सांध्याशी तडकते. ओल्या मूर्तीवर रंग चढवला तर डाग पडतात, पोपडे निघतात. म्हणजे ही कार्यशाळा सप्टेंबरमध्ये ढकलता येत नाही. 'पुढच्या महिन्यात परत घ्याल का' असं जो विचारतो त्याला हेच उत्तर द्यायचं.

आता इथे एक खाच आहे, ती तुम्हीच फोनवर बोलता बोलता उघड केलीत. "भरलीच तर ३० तारखेला दुसरी बॅच घेईन म्हणते," असं तुम्ही म्हणालात. घ्या ना, पण मग पहिल्या जाहिरातीत 'यंदाची शेवटची संधी' हे शब्द नकोत. ते शब्द लिहून आठवड्याने दुसरी बॅच जाहीर केलीत, तर ज्यांनी आपला ठरलेला रविवार मोडून २३ ची नोंदणी केली त्यांना फसल्यासारखं वाटेल, आणि त्यांचं काही चुकणार नाही. शिवाय ३० ते ६ म्हणजे सातच दिवस. मांडणीही भरलेली असणार. म्हणजे दुसरी बॅच झालीच तर सहा इंची मूर्तीची, आणि ओली मूर्ती ज्याची त्याने घरी न्यायची. तसं आजच लिहून टाका: '२३ ची बॅच भरली तर ३० ला लहान मूर्तीची बॅच घेण्याचा विचार आहे. मूर्ती घरी न्यावी लागेल.' तुम्हाला वाटेल याने लोक ३० ची वाट बघतील. मला तसं वाटत नाही. ज्याला नऊ इंची मूर्ती हवी आहे आणि ओली मूर्ती पावसात स्कूटरवरून न्यायची नाही, त्याला २३ का घ्यावी हे उलट जास्त नीट कळेल.

तुम्ही म्हणाल, ताईंना सांगायला काय जातंय. तर माझंही एक ऐका. काही वर्षांपूर्वी मी एका कलादालनात गोधडीची कार्यशाळा घेत होते. अकरा जागा शिल्लक होत्या आणि मी सरळ 'शेवटच्या ४ जागा' लिहिलं. चालतं, सगळेच लिहितात, असं म्हणून. चार जागा भरल्या, सात रिकाम्याच गेल्या. दोन महिन्यांनी एका लग्नात एक ओळखीच्या भेटल्या, म्हणाल्या, "आम्ही पाच जणी येणार होतो हो, पण तुमच्याकडे चारच जागा होत्या. मग एकीला कुठे टाकायचं, म्हणून दुसरीकडे गेलो." पाच जणी! फोनसुद्धा केला नाही, कारण मी लिहिलेल्या आकड्यावर त्यांनी विश्वास ठेवला. कमी सांगितलेला आकडा एकट्या माणसाला कदाचित पळवतो, पण जोडीने, कुटुंबाने, मैत्रिणींच्या घोळक्याने येणाऱ्यांना तो परत पाठवतो. आणि तुमच्या कार्यशाळेला तर आई-मुलगी, आजी-नातू अशाच जोड्या येतात. गेल्या वर्षी 'फक्त ३' वाचून किती चौघं परत गेले असतील, ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण भाची 'सगळेच करतात' म्हणणार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला भुलवणाऱ्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फसवणुकीचे तेरा प्रकार दिलेत आणि यादीत पहिलाच आहे 'फॉल्स अर्जन्सी', म्हणजे खोटी घाई. वस्तू किंवा सेवा आहे त्यापेक्षा कमी शिल्लक असल्याचं सांगणं त्यात येतं, आणि खोटी लोकप्रियता दाखवणंही येतं. 'आत्ता तीस जण हे पान बघताहेत' या छापाचं. सोसायटीतल्या कार्यशाळेमागे कुणी लागेल असं मी म्हणत नाही, पण व्याख्या कामाची आहे. तिच्यावर एक जुनी युक्ती घासून बघा: जागा २४ आहेत, पण आधी १२ च जाहीर करायच्या, त्या भरल्या की 'लोकाग्रहास्तव आणखी १२' म्हणायचं. ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण पहिल्या दिवशी तुम्ही आहे त्यापेक्षा कमीच सांगितलं ना? बाराच घ्यायच्या असतील, शिकवायला एकट्याच आहात म्हणून, तर बाराच घ्या आणि तेरावीला नाही म्हणा.

आता ते अंगठेवाले. हा तुमचा खरा गोंधळ आहे, कारण तुमच्या डोक्यात त्या नऊ जागा कधी नऊ असतात तर कधी दोन. जागा भरली असं कधी म्हणायचं याचा एकच नियम ठेवा: पैसे आले की भरली. अंगठा, 'नक्की येतेय', 'माझं नाव घाला', यातलं काही मोजायचं नाही. पण त्यांना वाऱ्यावरही सोडू नका. प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा, ग्रुपवर नको:

> नमस्कार, तुम्ही २३ तारखेच्या शाडूच्या कार्यशाळेसाठी 'येतेय' म्हणाला होतात. तुमच्या नावाने एक जागा शुक्रवार, १४ ऑगस्ट, रात्री ९ पर्यंत ठेवली आहे. तोवर १,४०० रुपये आले तर जागा पक्की. नाही जमलं तरी काही हरकत नाही, ती जागा पुढच्यांना देईन.

यात घाई आहे आणि ती खरी आहे, पण एका अटीवर: शुक्रवारी सव्वानऊला तुम्ही ती जागा खरोखर मोकळी केली पाहिजे. शनिवारी त्यांनी पैसे पाठवले आणि जागा अजून असली तर द्या की, पण 'तुमची ठेवलेली होती' असं नका म्हणू. 'ती मोकळी केली होती, सुदैवाने अजून आहे' असं म्हणा. फरक छोटा आहे, पण पुढच्या वेळी त्याच बाई मुदतीच्या आत पैसे पाठवतील. आणि नऊ तास ठेवा की दोन दिवस, सगळ्यांना सारखेच ठेवा. शेजारच्या विंगमधल्या काकूंना आठवडा आणि अनोळखी माणसाला एक रात्र, असं केलंत की सोसायटीत ते दुसऱ्या दिवशी कळतंच.

व्हॉट्सअॅपचा एक स्वभाव ओळखून लिहा. पुढे ढकललेला मेसेज मूळ कधी लिहिला हे वाचणाऱ्याला कळत नाही. तुम्ही 'आज शेवटचा दिवस' लिहिता, तो निरोप तीन ग्रुप फिरून चार दिवसांनी कुणाच्या तरी हातात पडतो, आणि त्या दिवशी तुमचं खरं वाक्य खोटं झालेलं असतं. म्हणून 'आज', 'उद्या', 'आत्ता' हे शब्दच नकोत. वार, तारीख, वेळ. आकड्यालाही तारीख चिकटवायची. मी लिहिलं असतं ते असं:

> शाडूचा गणपती स्वतः घडवू या.
> रविवार, २३ ऑगस्ट, सकाळी १० ते दुपारी ४. रंगकाम रविवार, ६ सप्टेंबर. तोवर मूर्ती आमच्याकडेच वाळतील, ओली मूर्ती घरी न्यायला नको.
> जागा २४, कारण मांडणीवर तेवढ्याच मूर्ती मावतात. बुधवार, १२ ऑगस्ट, रात्री ८ पर्यंत १५ भरल्या.
> नोंदणी बुधवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६ ला बंद. त्याच वेळी मोजून माती मागवतो, नंतर भिजवून मळायला दिवस उरत नाहीत.
> फी १,४०० रुपये, माती आणि रंगासह. आठ वर्षांवरच्या मुलांना मोठ्यांसोबत एकाच मूर्तीवर बसता येईल, वेगळी फी नाही.

शेवटची ओळ मी मुद्दाम घातली, कारण तुम्ही म्हणालात की निम्मे फोन हेच विचारायला येतात. जो माणूस 'बघतो' म्हणतो तो बऱ्याचदा आळशी नसतो, त्याच्या मनात एक न विचारलेला प्रश्न असतो. पोराला आणू का, मूर्ती न्यायची कशी, जमलं नाही तर? त्या प्रश्नाचं उत्तर न देता वर 'त्वरा करा' म्हटलं की तो आणखी मागे सरकतो.

हा निरोप पाठवल्यावर रोज स्टेटस बदलत बसू नका. चारदा पुरे: १२ तारखेला हा, १६ च्या रविवारी नवा आकडा घालून, १८ ला मंगळवारी आदल्या दिवसाची आठवण म्हणून, आणि १९ ला दुपारी शेवटचा. १५ ऑगस्टला काही पाठवू नका, झेंड्याच्या शंभर चित्रांखाली तुमची माती गाडली जाईल. चार-पाच जागा उरल्या की मात्र आकडा वर आणा, पहिल्या ओळीत, आणि पैसे आल्याबरोबर स्टेटस बदला. पाचाचे चार, चाराचे दोन होताना लोकांना दिसले तर त्यांची खात्री पटते, आणि आकडा दोन दिवस हलला नाही तर नाही हलला. 'अजून चारच आहेत' असं लिहायला लाज कसली?

भाचीने सुचवलेलं ते उलट मोजणारं घड्याळ १९ तारखेच्या सहा वाजण्याकडे मोजत असेल तर लावा. पान उघडलं की नव्याने पंधरा मिनिटांपासून सुरू होणारं असेल तर नको. आणि लवकर येणाऱ्यांना दोनशे रुपये सूट द्यायची तुमची कल्पना यंदा सोडा. पंधरा जणांनी आधीच पूर्ण पैसे भरलेत, त्यांनी काय पाप केलं?

राहिली भीती, की बुधवारी सहाला वीसच झाले तर? तर साठ किलो आणि वर सहा किलो मागवा, चार जागा रिकाम्या जाऊ द्या. मला माहीत आहे, सव्वासहाला हात शिवशिवेल, 'मुदत वाढवली' असं लिहायला. वाढवू नका. माती मागवता येत नाही असं तुम्ही दोन ओळींत समजावून सांगितलंय. गुरुवारी ती अचानक मिळायला लागली तर ज्यांनी धावतपळत बुधवारी पैसे पाठवले ते पुढच्या वर्षी निवांत बसतील. अपवाद एकच: बुधवारनंतर कुणी रद्द केलं, तर त्याची तीन किलो माती आलेलीच आहे, तेव्हा ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला द्या आणि तसंच सांगा, 'एक जण आजारी पडलेत, त्यांची माती आणि जागा आहे.'

आणि गुरुवारी फोन येणारच. कुणीतरी म्हणेल, "एकच हो, कुठेतरी बसते." त्यांना सांगायचं, "तुमच्यापुरती माती मागवलेली नाही, प्रतीक्षा यादीत घालते. नाही लागला नंबर तर पुढच्या वर्षी जुलैत पहिला फोन तुम्हाला." मग एका वहीत नाव, नंबर आणि मूर्ती किती इंचांची हवी ते लिहून ठेवा. वही मांडणीच्या वरच्या फळीवर, नमुन्याच्या मूर्तीशेजारी ठेवा, म्हणजे जुलैत माती सांगायच्या आधी हाताला लागेल.